तीन वेग, एक पान

दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा. पहिला : ताणलेल्या तारेतला ताण दुप्पट केला, तर तारेवरून धावणाऱ्या तरंगाचा वेग किती पट होईल? दुसरा : तापमान तेच ठेवून हवेचा दाब दुप्पट केला, तर हवेतल्या ध्वनीचा वेग किती पट होईल? दोन्ही सूत्रांत वर्गमूळ आहे आणि दोन्हींत वर्गमुळाखालच्या वरच्या राशीची दुप्पट झाली आहे. साहजिकच दोन्ही प्रश्नांच्या पर्यायांत √2 हे उत्तर वाट पाहत असतं. पहिल्या प्रश्नाला ते बरोबर आहे. दुसऱ्याला बरोबर उत्तर 1 आहे, म्हणजे वेग मुळी बदलतच नाही.

अकरावीत ‘ध्वनी’ शिकताना, बारावीत ताणलेल्या तारा आणि प्रकाश शिकताना ही सूत्रं वेगवेगळ्या धड्यांत येतात. प्रत्येक धड्यात ती सोपी वाटतात. सीईटी किंवा नीटच्या प्रश्नपत्रिकेत मात्र ती एकमेकांच्या शेजारी येतात आणि तिथे घोटाळा होतो. त्यामुळे उजळणीसाठी एकच पान करायचं असेल, तर तीन सूत्रं एकाखाली एक उतरवून काढण्यात फारसा अर्थ नाही. ती पुस्तकात आहेतच. पानावर हवा तो त्यांच्यातला फरक : कोणतं अक्षर कुठे काय सांगतं, आणि एक गोष्ट बदलली की दुसरी कोणती जागेवर राहते.

पानाच्या माथ्यावर तिघांनाही लागू असलेलं एकच सूत्र लिहावं : v = fλ, म्हणजे वेग बरोबर वारंवारता गुणिले तरंगलांबी. आणि त्याच्या खाली लगेच एक सावधगिरीचं वाक्य, कारण हे सूत्र वाचून वारंवारता वाढवली की वेग वाढतो असं सहज वाटतं. तसं होत नाही. वारंवारता ठरवतो तरंग निर्माण करणारा, म्हणजे स्रोत. वेग ठरवतं माध्यम. तरंगलांबी या दोघांच्या हिशोबातून निघते. गायिकेने वरचा षड्ज लावला की वारंवारता दुप्पट होते, पण तो सूर आपल्यापर्यंत मंद्र सुराच्याच वेगाने येतो; अर्धी होते ती तरंगलांबी. मैफलीत मागच्या रांगेतल्या माणसालाही गाणं विस्कटलेलं ऐकू येत नाही, ते यामुळेच.

आता अक्षरांकडे. तारेच्या सूत्रात v = √(T/μ) असं लिहितात. इथे T म्हणजे ताण, न्यूटनमध्ये. ध्वनीचं एक सूत्र v = √(γRT/M) असं आहे; तिथला T म्हणजे तापमान, केल्व्हिनमध्ये. शिवाय v = λ/T या रूपात तोच T आवर्तकाल होतो, सेकंदांत. μ ची कथाही तशीच. तारेसाठी तो एक मीटर लांबीच्या तारेचं वस्तुमान आहे (काही पुस्तकांत त्याच्यासाठी m लिहितात). प्रकाशाच्या सूत्रात μ₀ हा निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक आहे. आणि बऱ्याच जुन्या पुस्तकांत व गाइडांत अपवर्तनांकालाही μ च म्हणतात. घाईत सोडवणारं डोकं अक्षर ओळखतं आणि अर्थ मागच्या गणितातला घेतं. माझ्या मते पानाचा सगळ्यात मोलाचा कोपरा या दोन अक्षरांना द्यावा, आणि शेजारी एककं लिहावीत. एकक लिहिलं की अर्थ आपोआप पक्का होतो.

तारेचं सूत्र समजायला सोपं आहे. वर आहे तारेला पुन्हा सरळ करणारं बल, खाली आहे तिचं जडपण. ताण जितका जास्त, तितकी तार चटकन जागेवर येते. तार जितकी जड, तितकी ती रेंगाळते. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते ती याच कारणाने. खर्ज जोडीच्या तारांपेक्षा एक सप्तक खाली, म्हणजे वारंवारता निम्मी. तारेची लांबी तीच, ताणही जवळपास तेवढाच ठेवायचा असेल, तर वेग निम्मा करायला μ चौपट हवा. नुसता ताण चौथ्या भागावर आणला तरी गणित जुळेल, पण तार इतकी सैल पडेल की तिच्यातून धड नादच निघणार नाही.

एक गणित पूर्ण सोडवू, कारण बहुतेक सापळे या एकाच गणितात भेटतात. सोनोमीटरवर पोलादी तार आहे. तिचा व्यास 1 मिलिमीटर, पोलादाची घनता 7800 किलोग्रॅम प्रति घनमीटर. तारेच्या टोकाला 10 किलोग्रॅमचं वजन टांगलं आहे आणि दोन पाचरींमधलं अंतर 50 सेंटिमीटर आहे. तारेवरच्या तरंगाचा वेग किती? तार छेडली की मूळ वारंवारता किती?

पहिली पायरी ताणाची. T = 10 लिहून पुढे जाणारे पुष्कळ असतात. 10 हे किलोग्रॅम आहेत. ताण म्हणजे 10 × 9.8 = 98 न्यूटन. दुसरी पायरी μ ची. एक मीटर तारेचं वस्तुमान म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ गुणिले घनता. इथे दिलाय तो व्यास, सूत्राला हवी आहे त्रिज्या : 0.5 मिलिमीटर, म्हणजे 5 × 10⁻⁴ मीटर. क्षेत्रफळ निघतं 7.85 × 10⁻⁷ चौरस मीटर. 7800 ने गुणलं की μ = 6.13 × 10⁻³ किलोग्रॅम प्रति मीटर. वेग √(98 / 0.00613), म्हणजे सुमारे 126.5 मीटर प्रति सेकंद.

यात त्रिज्येच्या जागी व्यास घातला असता तर μ चौपट झाला असता आणि वेग बरोबर निम्मा, 63 च्या आसपास. प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून निम्मं उत्तर पर्यायांत हमखास ठेवलेलं असतं. उत्तर एखाद्या पर्यायाशी जुळलं हा ते बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवावं. g विसरलात तर वेग √9.8 ने, म्हणजे सुमारे 3.1 पटीने कमी येतो. कुणी तारेचं एकूण वस्तुमान दिलं असेल, तर लांबीने भागायला विसरू नये. 50 सेंटिमीटरच्या तारेला ही विसर √2 चा फरक पाडते.

मूळ स्वरात तारेची लांबी अर्ध्या तरंगलांबीएवढी असते. म्हणजे तारेवरची तरंगलांबी 1 मीटर, आणि वारंवारता 126.5 हर्ट्झ.

आता गणित इथे न थांबवता पुढचा प्रश्न विचारू : या तारेमुळे हवेत जो ध्वनी निर्माण होतो, त्याची तरंगलांबी किती? ‘1 मीटर’ हे उत्तर ओठांवर येतं आणि ते चूक आहे. तारेकडून हवेला मिळते ती फक्त वारंवारता. हवेत वेग हवेचा. 27 अंश सेल्सिअसला तो सुमारे 347 मीटर प्रति सेकंद असतो, म्हणून तरंगलांबी 347 भागिले 126.5, म्हणजे सुमारे 2.74 मीटर. आणखी एक प्रश्न : याच पोलादी तारेच्या एका टोकावर टिचकी मारली, तर तो आवाज तारेतून दुसऱ्या टोकाला कोणत्या वेगाने जाईल? आता कंप तारेच्या लांबीच्या दिशेने आहे, म्हणजे हा अनुतरंग. त्याला ताणाशी फारसं देणंघेणं नाही; इथे पोलादाची स्वतःची ताठरता, म्हणजे यंगचा गुणांक Y, कामाला येते : v = √(Y/ρ). Y सुमारे 2 × 10¹¹ न्यूटन प्रति चौरस मीटर धरला, तर वेग येतो 5000 मीटर प्रति सेकंदाहून थोडा जास्त. एकच तार, तिच्यातून जाणारे दोन तरंग, आणि दोघांच्या वेगांत चाळीस पटींचा फरक. ‘तारेतील तरंगाचा वेग’ एवढंच वाचून सूत्र लिहू नका. कंप कोणत्या दिशेने आहेत ते आधी बघा.

तारेबाबत आणखी एक ठिकाण आहे जिथे चांगले अभ्यास केलेले विद्यार्थीही अडखळतात, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताण चौपट केला की वेग दुप्पट होतो, इथपर्यंत सगळे येतात. मग v = fλ मध्ये वाढतं काय, f की λ? सूत्राकडे कितीही पाहिलं तरी हे कळत नाही. मांडणीकडे पाहावं लागतं. सोनोमीटरवर पाचरी जागच्या जागी आहेत, म्हणून λ बांधलेली आहे आणि वारंवारता दुप्पट होते. मेल्डच्या प्रयोगात दोरी नादकाट्याला बांधलेली असते. तिथे वारंवारता नादकाट्याने बांधली आहे, म्हणून λ दुप्पट होते आणि दोरीवर दिसणाऱ्या फुगवट्यांची संख्या निम्म्यावर येते. चार होते, ते दोन होतात. बासरीतही हाच विचार लावावा. नळीची लांबी λ बांधते, म्हणून हवा तापली की बासरीचा सूर चढतो. पण तापलेल्या हवेत नादकाटा वाजवला, तर सूर तोच राहतो आणि हवेतली तरंगलांबी वाढते. पानावर या प्रश्नासाठी एक ओळ राखून ठेवा : ‘बांधलेलं काय आहे?’

ध्वनीच्या रकान्यात न्यूटन आणि लाप्लास या दोघांचीही नावं येतात, आणि त्यांचा किस्सा पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावा. न्यूटनने 1687 मधल्या ‘प्रिन्सिपिया’त ध्वनीच्या वेगाचं गणित मांडलं. आज आपण ते v = √(P/ρ) असं लिहितो; P हवेचा दाब, ρ घनता. 0 अंश सेल्सिअसला दाब 1.013 × 10⁵ पास्कल आणि घनता 1.293 घातली की वेग येतो 280 मीटर प्रति सेकंद. प्रत्यक्षात तो 331 च्या आसपास आहे. पंधरा टक्क्यांची तूट ही मोजमापातली चूक म्हणून सोडून देता येत नाही. न्यूटनने हवेतल्या कणांचा आकार आणि बाष्प यांच्या आधारे ती भरून काढायचा प्रयत्न केला, पण ते स्पष्टीकरण टिकलं नाही.

खरं कारण असं. ध्वनी जाताना हवा क्षणभर दाबली जाते आणि क्षणभर विरळ होते. दाबल्यावर ती किंचित तापते, विरळ झाल्यावर किंचित थंड होते. न्यूटनच्या गणितात तापमान सतत एकच राहतं असं गृहीत होतं. याला आयसोथर्मल म्हणतात. पण हवा उष्णतेची मंद वाहक आहे आणि हे दाबणं-सैल होणं सेकंदाला शेकडो वेळा होतं. उष्णतेला इकडून तिकडे जायला सवडच मिळत नाही. दाबलेली हवा तापलेली राहते, म्हणून जास्त जोराने उसळते. लाप्लासने 1816 मध्ये ही दुरुस्ती प्रसिद्ध केली : ही क्रिया अ‍ॅडियाबॅटिक आहे, म्हणून P च्या जागी γP हवं. हवेसाठी γ सुमारे 1.4. त्याचं वर्गमूळ 1.18, आणि 280 × 1.18 म्हणजे 331. तूट नेमकी भरून निघाली. परीक्षेत ‘न्यूटनने काय गृहीत धरलं’ आणि ‘लाप्लासने काय सुधारलं’ यांची अदलाबदल करून पर्याय दिलेले असतात. कारण समजलं असेल तर ती अदलाबदल लगेच दिसते.

आता सुरुवातीचा दाबाचा प्रश्न. v = √(γP/ρ) मध्ये P दिसतो, हे खरं. पण तापमान तेच ठेवून वायूचा दाब दुप्पट केला, तर त्याची घनताही दुप्पट होते. P/ρ तेवढंच राहतं. तारेत ताण वाढवला तर μ जवळजवळ तसाच राहतो. वायूत दाब वाढवला तर घनता सोबत येते. दोन सूत्रं दिसायला सारखी असून वागायला वेगळी आहेत, ती एवढ्यासाठी. म्हणूनच वायूसाठी v = √(γRT/M) हे रूप हाताशी ठेवावं. त्यात दाब दिसतच नाही, त्यामुळे फसायला जागा राहत नाही.

या रूपातले दोन सापळे मात्र पानावर लिहिलेच पाहिजेत. ‘27 अंश सेल्सिअसला जो वेग आहे, त्याच्या दुप्पट वेग कोणत्या तापमानाला होईल?’ वेग दुप्पट म्हणजे तापमान चौपट, इथपर्यंत बरोबर. मग 27 × 4 = 108 लिहिलं जातं. चौपट करायचं ते 300 केल्व्हिन. येतात 1200 केल्व्हिन, म्हणजे 927 अंश सेल्सिअस. दुसरा सापळा M चा. हवेचं मोलर वस्तुमान 29 ग्रॅम, पण सूत्रात 0.029 किलोग्रॅम घालायचं. 29 घातलं तर 0 अंशाला ध्वनीचा वेग सुमारे 10.5 मीटर प्रति सेकंद येतो. हे उत्तर पाहून थांबायला हवं. स्पर्धेत जोरात पळणारा धावपटू त्याच्या आसपास पोचतो. आवाज इतका सावकाश असता तर मैदानाच्या पलीकडून मारलेली हाक यायला कित्येक सेकंद लागले असते.

घनतेबद्दलही एक अर्धवट समज फार पसरलेला आहे : ‘माध्यम जितकं घन, तितका ध्वनी जलद’. सूत्रात घनता वर्गमुळाखाली छेदात आहे, म्हणजे नुसती घनता वाढली तर वेग कमीच होणार. सारख्या तापमानाला हायड्रोजनमध्ये ध्वनी ऑक्सिजनच्या चौपट वेगाने जातो, कारण हायड्रोजन सोळा पटींनी हलका आहे. दमट हवेत ध्वनी कोरड्या हवेपेक्षा किंचित जलद असतो, कारण पाण्याच्या वाफेचं मोलर वस्तुमान 18, हवेच्या 29 पेक्षा कमी. मग पोलादात तो हवेच्या पंधरा पट वेगाने कसा जातो? पोलाद हवेपेक्षा सुमारे सहा हजार पटींनी जड आहे, पण ताठरपणात ते दहा लाख पटींहून पुढे आहे. वरची राशी जिंकते.

प्रकाशाच्या रकान्यात ताणही नाही, दाबही नाही. प्रकाशाला डोलायला कुठलाही पदार्थ लागत नाही. डोलतात ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं. निर्वातातला वेग c = 1/√(μ₀ε₀). यात μ₀ = 4π × 10⁻⁷ आणि ε₀ = 8.85 × 10⁻¹² घालून पाहा, 3 × 10⁸ मीटर प्रति सेकंद येतात. 1860 च्या दशकात मॅक्सवेलला या जुळणीवरूनच खात्री पटली की प्रकाश हा विद्युत-चुंबकीय तरंग आहे. 1983 पासून तर c ची किंमत 299792458 मीटर प्रति सेकंद अशी ठरवूनच टाकली आहे आणि मीटरची व्याख्या तिच्यावरून होते.

पदार्थात प्रकाश मंदावतो : v = c/n. काचेचा n 1.5 धरला तर वेग 2 × 10⁸, पाण्याचा 4/3 धरला तर 2.25 × 10⁸. इथला नेहमीचा प्रश्न असा : निर्वातात 600 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाण्यात शिरला. वारंवारता 5 × 10¹⁴ हर्ट्झ, ती स्रोताची, ती बदलत नाही. वेग कमी झाला, म्हणून तरंगलांबी 450 नॅनोमीटर. आता प्रश्नकर्ता विचारतो, रंग कोणता? निर्वातात 450 नॅनोमीटर म्हणजे निळा, म्हणून ‘निळा’ असं उत्तर देणं हा सापळा. रंग वारंवारतेवर ठरतो. नारिंगी प्रकाश पाण्यातही नारिंगीच.

तारा आणि ध्वनी यांच्यापासून प्रकाशाचा आणखी एक वेगळेपणा आहे. हवेत सगळे सूर एकाच वेगाने जातात. काचेत सगळे रंग एकाच वेगाने जात नाहीत. जांभळा तांबड्यापेक्षा थोडा मंद जातो, आणि म्हणून लोलकात रंग वेगळे होतात. निर्वातात मात्र सगळ्यांचा वेग सारखा. ‘कोणत्या रंगाचा वेग सर्वांत जास्त?’ या प्रश्नात माध्यम कोणतं आहे ते वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

शेवटचा सापळा ध्वनी आणि प्रकाश यांना समोरासमोर उभा करतो. हवेतून पाण्यात जाताना प्रकाश स्तंभिकेकडे वळतो, कारण तो मंदावतो. ध्वनी त्याच सीमेवर स्तंभिकेपासून दूर वळतो, कारण पाण्यात त्याचा वेग 1480 च्या आसपास, म्हणजे हवेच्या चौपटीहून जास्त होतो. प्रकाशासाठी पाणी घन माध्यम आहे, ध्वनीसाठी विरळ. म्हणून प्रकाशाचं पूर्ण आंतरिक परावर्तन पाण्याकडून हवेकडे येताना होतं, ध्वनीचं हवेकडून पाण्याकडे जाताना. 343 भागिले 1480 केलं तर क्रांतिक कोन सुमारे 13 अंश निघतो. म्हणजे काठावरच्या माणसाची हाक पाण्यावर 20 अंशांच्या कोनात पडली, तर ती आत न शिरता परत फिरते.

पान तयार करताना ते आडवं धरा, तीन उभे रकाने करा आणि प्रत्येक रकान्यात सूत्राखाली एक खरा आकडा लिहा : तारेसाठी शंभरेक, हवेतल्या ध्वनीसाठी 331, प्रकाशासाठी 3 × 10⁸. उत्तर काढल्यावर त्या आकड्याशी ताडून बघायला पाच सेकंद पुरतात. आणि पान दुसऱ्याचं उतरवून घेऊ नका. परीक्षेआधीच्या आठवड्यात कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, स्वतः लिहा. ज्या ठिकाणी हात अडखळेल तो धडा पुन्हा उघडा.